मगाचा कान वाटेत का तुटतो आणि तो शाबूत कसा पोचवायचा

प्रश्न: मी हाताने घडवलेले स्टोनवेअरचे मग विकते, बहुतेक वेळा चारचा सेट. प्रत्येक मगाला बबल रॅपचे तीन वेढे देते, पाच पदरी खोक्यात ठेवते, वर ‘नाजूक’ असा स्टिकर लावते. तरी अधूनमधून एखाद्या मगाचा कान तुटून पोचतो आणि खोक्यावर साधा ओरखडाही नसतो. बबल रॅप आणखी वाढवू का? आता काचेचे ग्लासही पाठवायचे आहेत, त्यांना हीच पद्धत चालेल का?

उत्तर: बबल रॅप वाढवून हा कान वाचणार नाही. तीन वेढ्यांचे सहा केले तरी गुंडाळीतून सर्वांत पुढे आलेला भाग कानच राहतो. मग त्या बाजूला ढकलला गेला की आधी कान टेकतो आणि अख्ख्या मगाचं वजन कानाच्या दोन सांध्यांवर येतं. शिवाय रॅप आवळून गुंडाळला असेल तर तो कानाच्या कमानीवर ताणून बसलेला असतो. कानाखाली पोकळी, वरून ताण, अशा स्थितीत कान प्रवासाला निघतो. म्हणजे तुम्ही मगाला जपताय, पण कानाला त्या मगाचा आधारखांब करून ठेवलाय. तुमचं सगळं काम हे उलटं करण्याचं आहे: भार मगाच्या अंगाने घ्यावा, कानाने घेऊ नये.

पण पॅकिंग बदलण्याआधी तुटलेला तुकडा हातात घ्या, कारण सगळेच कान पॅकिंगमुळे तुटत नाहीत. ग्राहकाकडून तुटीच्या जागेचा जवळून, भरपूर उजेडात काढलेला फोटो मागवा. कान मधोमध तुटला असेल, किंवा तुटताना मगाच्या भिंतीचा एखादा टवका घेऊन निघाला असेल, तर सांधा चांगला होता आणि बाहेरून भार जास्त पडला. पण कान सांध्यातून अगदी स्वच्छ सुटून आला असेल, आणि तिथे जोडण्याआधी मारलेल्या रेघोट्या अजून स्पष्ट दिसत असतील, तर तो मुळात नीट जोडलाच गेला नव्हता. मग आणि कान यांच्यातला ओलावा सारखा नसताना जोडलं, किंवा जोडल्यावर कान मगापेक्षा आधी वाळला, की सांध्यात बारीक भेग राहते. भट्टीतून निघाल्यावर ती ग्लेझखाली लपते. असा मग कशातही गुंडाळा, पहिल्या दणक्याला सुटणार. म्हणून पॅक करण्याआधी प्रत्येक मग तळव्यावर मोकळा ठेवून बोटाच्या पेराने हलकेच टिचकी मारायची सवय लावा. धडधाकट स्टोनवेअर टणटणीत वाजतं. आवाज बद्द आला तर तो मग बाजूला काढा आणि कानाचे दोन्ही सांधे तिरप्या उजेडात बघा.

फोटोत आणखी एक गोष्ट शोधा. तुटलेले तुकडे रॅपमध्ये जागच्या जागी, कडा धारदार, असे असतील तर एकच मोठा दणका बसलाय. पण रॅपच्या आत मातीची बारीक भुकटी साचली असेल, तुकड्यांच्या कडा घासून बोथट झाल्या असतील, तर कान प्रवासात लवकरच कधीतरी तुटला आणि पुढचा सगळा वेळ तुकडे एकमेकांवर घासत राहिले. त्याचा अर्थ मगाला आत हलायला जागा होती. पहिल्या प्रकारात गादी कमी पडली, दुसऱ्यात खोका आतून सैल होता. दोन्हींचे उपाय वेगळे आहेत.

आता खोका निर्दोष असूनही आत मोडतोड का होते ते पाहू. खोका पडला की जमिनीला लागून तो थांबतो, पण आतला मग त्याच वेगाने खाली येतच असतो. त्याला थांबवायला जेवढं अंतर मिळेल तेवढा दणका कमी. हिशेब सोपा आहे: पडण्याची उंची भागिले थांबायला मिळालेलं अंतर. खोका ७५ सेंटिमीटरवरून, म्हणजे साधारण टेबलाच्या उंचीवरून पडला आणि मग केवळ ५ मिलिमीटर दबून थांबला, तर त्याला स्वतःच्या वजनाच्या सरासरी १५० पट जोर सोसावा लागतो. ३५० ग्रॅमच्या मगासाठी हा ५० किलोहून जास्त भार झाला, क्षणभरापुरता का होईना. तोच मग २५ मिलिमीटर दबत थांबला तर जोर ३० पटींवर येतो, म्हणजे साधारण साडेदहा किलो. प्रत्यक्षात जोराचं टोक या सरासरीच्या बरंच वर जातं, पण प्रमाण हेच राहतं. पुठ्ठा एवढा दणका सहज पचवतो, पुन्हा सरळ होतो आणि खूणही दाखवत नाही.

या हिशेबातून एक गोष्ट निघते, जी मी पॅकिंग शिकणाऱ्या प्रत्येकाला सांगते: संरक्षण वेढ्यांत नसतं, अंतरात असतं. आणि अंतरही दबणारं हवं. ५ सेंटिमीटर जाडीचा चुरगळलेला कागद घेतला तर तो ढोबळमानाने निम्मा दबेल, म्हणजे वर लागणारे २५ मिलिमीटर मिळाले. ३ सेंटिमीटरची गादी एवढं अंतर देत नाही. उलट कागद ठासून दगडासारखा भरला तर तो दबतच नाही, मग जाडी कितीही असो, फायदा शून्य. आत हलू न देण्याइतका घट्ट आणि दणक्याला दबण्याइतका मऊ, हा मधला बिंदू हाताला कळायला लागतो. भरलेल्या कागदावर तळहात ठेवून जोर द्या. तो थोडा खाली जाऊन परत वर यायला हवा.

आता मग कसा गुंडाळायचा ते. आधी साध्या, न छापलेल्या कागदाची सैल गोळी मगाच्या पोटात ठेवा. ठासायची नाही, फक्त पोकळी भरायची. मग कागदाची एक गुंडाळी करा, साधारण अंगठ्याइतकी जाड, आणि ती कान आणि मग यांच्यामधल्या कमानीतून आरपार सरकवा. ती तिथे हलक्या हाताने बसली पाहिजे. कोंबावी लागत असेल तर बारीक करा, नाहीतर तीच कानाला आतून बाहेर रेटत राहील. यानंतर मगाच्या अंगावर, कानाच्या दोन्ही बाजूंना, कागदाची एकेक जाड घडी उभी लावा. घडीची जाडी कान जेवढा पुढे आलाय तेवढी, किंवा किंचित जास्त. कान बाहेर आलेलाच दिसू नये, तो त्या दोन घड्यांच्या मधल्या दरीत बसलेला दिसावा. आता या सगळ्याभोवती बारीक बुडबुड्यांच्या बबल रॅपचा एक पूर्ण वेढा आणि वर थोडा, म्हणजे कड कडेवर येईल इतका. टेप ओढून लावू नका, फक्त सुटणार नाही एवढी लावा.

झालं की तपासा. गुंडाळलेला मग टेबलावर कानाच्या बाजूने आडवा ठेवा आणि वरून तळहाताने हलकं दाबा. भार दोन्ही घड्यांवर जाताना जाणवला, कान टेकला नाही, तर गुंडाळी बरोबर. मग डोलला किंवा दाब एका टणक बिंदूवर लागला, तर तो बिंदू म्हणजे कान. उघडून घड्या वाढवा. ही तपासणी अर्ध्या मिनिटाची आहे आणि खोक्यात भरण्याआधीच सगळं सांगून जाते.

बबल रॅपविषयी एक गैरसमज दूर करते. बारीक बुडबुडे पृष्ठभाग घासण्यापासून वाचवतात. दणका पचवायला मोठे बुडबुडे हवेत, आणि तेही जड वस्तूखाली दीर्घकाळ दाबून राहिले की फुटतात किंवा बसतात. म्हणून मी बबल रॅप गुंडाळायला वापरते आणि गादी कागदाची करते.

चार मगांचा तुमचा सेट घेऊन सगळं मोजून बघू. समजा मग ९ सेंटिमीटर व्यासाचा, १० उंच, कान साडेतीन सेंटिमीटर पुढे आलेला. चार मगांसाठी आतला खोका २८ बाय २८ आणि उंची १४ सेंटिमीटर, त्यात पुठ्ठ्याच्या दोन पट्ट्या एकमेकींत खाचेने अडकवून केलेले चार कप्पे, प्रत्येक सुमारे १४ सेंटिमीटरचा. मग कप्प्यात उभा, आणि कान कप्प्याच्या कोपऱ्याकडे. कारण चौकोनात सगळ्यात जास्त जागा कर्णाच्या दिशेने मिळते. पण कोणत्याही कोपऱ्याकडे नाही. चारही कान खोक्याच्या मध्याकडे वळवा. खोका पडतो तो फार वेळा कोपऱ्यावर किंवा कडेवर, आणि बाहेरच्या कोपऱ्याकडे तोंड करून बसलेला कान अशा वेळी सर्वांत आधी सापडतो. मध्याकडे तोंड असलं की दोन्ही बाजूंना पुठ्ठ्याची पट्टी आणि पाठीशी मगाचं पूर्ण अंग. कप्प्यात उरलेल्या फटी कागदाने भरा, खाली आणि वर दोन-दोन सेंटिमीटर कागद, आणि आतला खोका बंद करून टेप लावा.

पट्ट्या मगापेक्षा उंच असाव्यात, जवळजवळ झाकणापर्यंत पोचणाऱ्या. हे फार जण विसरतात. पट्टी बुटकी असली की वरून दाब आल्यावर खोक्याचं झाकण थेट मगाच्या काठावर टेकतं.

मग हा खोका दुसऱ्या, पाच पदरी खोक्यात ठेवायचा, सगळ्या बाजूंनी ५ सेंटिमीटर जागा सोडून. म्हणजे बाहेरचा खोका साधारण ४० बाय ४० बाय २५. तळाचा कागद आधी भरून हाताने दाबून बघा, मगच आतला खोका ठेवा. तळाची गादीच सर्वांत जास्त वेळा कमी पडते, कारण आपण खोका वरून बघतो आणि वरची, बाजूची पोकळी आपल्याला दिसते. थर्माकोलच्या सुट्या गोळ्या भरू नका असं मी ठामपणे सांगते. गाडीच्या सततच्या थरथरीत जड वस्तू त्यांच्यातून हळूहळू तळाला जाते आणि खाली ठेवलेले ५ सेंटिमीटर उरतच नाहीत.

बाहेरचा खोका नवा असावा, किंवा निदान कोपरे ताठ असलेला. रचलेल्या खोक्यांचा भार मुख्यतः कोपऱ्यांवर आणि उभ्या कडांवर जातो. एकदा मऊ पडलेला कोपरा टेपने ताठ होत नाही. ओल लागलेला पुठ्ठा तर वापरूच नका, वाळल्यावर दिसायला चांगला वाटला तरी. झाकणाच्या मधल्या फटीवर टेप, आणि दोन्ही टोकांच्या फटींवर आडवी टेप, वर आणि खाली दोन्हीकडे. फक्त मधली एक पट्टी लावलेला खोका कोपऱ्यावर पडला की टोकाकडून उघडतो.

आता चाचणी. खोका बंद केला, टेप लावण्याआधी दोन्ही हातांनी धरून मिनिटभर जोरात हलवा, सगळ्या दिशांनी. आवाज आला तर सैल आहे, हे उघड आहे. पण आवाज आला नाही म्हणून थांबू नका. उघडा आणि बघा. कागद खाली बसून वर बोटभर पोकळी पडलेली असेल. ती भरा, पुन्हा हलवा. दुसऱ्यांदा फारशी पोकळी पडली नाही की टेप लावा. हे न करता पाठवलेला खोका पहिल्या टप्प्यावर घट्ट आणि शेवटच्या टप्प्यावर सैल असतो, आणि तुकडे घासून भुकटी होण्याचा वर सांगितलेला प्रकार इथूनच सुरू होतो.

शिवाय एखाद्या नव्या पद्धतीने पॅकिंग करायला लागलात की दोन-चार दोषी मग, जे विकता येणार नाहीत, तसेच भरून खोका खरंच पाडून बघा. पॅकिंगच्या चाचण्यांसाठी इंटरनॅशनल सेफ ट्रान्झिट असोसिएशनची, म्हणजे ‘इस्टा’ची पद्धत पुष्कळ ठिकाणी वापरली जाते. तिच्या प्राथमिक चाचणीत साडेनऊ किलोपर्यंतचा खोका ७६ सेंटिमीटरवरून दहा वेळा पाडतात: एकदा कोपऱ्यावर, मग त्या कोपऱ्याला मिळणाऱ्या तीन कडांवर, आणि शेवटी सहाही पृष्ठांवर. घरी यंत्र लागत नाही. टेबलाची उंची आणि कडक जमीन पुरे. मात्र खोका फेकायचा नाही, हातातून सरळ सोडायचा. दहा वेळा पाडून झाल्यावर उघडताना घाई करू नका. आतला खोका किती सरकलाय, कोणत्या बाजूचा कागद चपटा झालाय, हे बघत उघडा. मग शाबूत निघाला तरी एका बाजूची गादी पूर्ण बसलेली असेल, तर तिथे पुढच्या वेळी मोडणार आहे.

‘नाजूक’च्या स्टिकरविषयी: लावा, हरकत नाही, पण पॅकिंग करताना तो नाहीच असं धरून चाला. कुरियरच्या सरकत्या पट्ट्यावरून घसरत जाणाऱ्या आणि ढिगात रचल्या जाणाऱ्या खोक्याला त्याचा उपयोग होत नाही. ‘ही बाजू वर’ या बाणाचंही तेच. खोका आडवा, उलटा, कसाही जाईल, म्हणून सहाही बाजूंना तेवढीच गादी.

खर्चाचा प्रश्न येणारच. पुष्कळ कुरियर खऱ्या वजनाऐवजी आकारमानाचं वजन धरतात: लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणून ५००० ने भागायचं, आणि दोन्हींपैकी जे जास्त त्याचे पैसे. भाजक कुरियरप्रमाणे वेगळा असू शकतो, तेवढं आधी विचारून घ्या. आपला ४० बाय ४० बाय २५ चा खोका या हिशेबाने ८ किलोचा ठरतो, प्रत्यक्षात वजन तीन किलोच्या आसपास असलं तरी. हे ऐकून पहिला मोह होतो तो बाजूची गादी कापण्याचा. ती कापू नका. एकच मग याच पद्धतीने पाठवला तर खोका २५ बाय २५ बाय २५ चा लागतो, म्हणजे ३ किलोहून थोडा जास्त. चारच्या सेटमध्ये तोच भार मगामागे २ किलोवर येतो. म्हणून बचत करायची तर सेटमध्ये विका आणि सुट्या मगाच्या किमतीत पाठवणीचा खरा खर्च धरा. दुसरी बचत घडवतानाच होते: कान मगाच्या अंगाजवळ, भरीव आणि आखूड घेतला तर कप्पा १३ सेंटिमीटरमध्ये बसवता येतो. रोज विकायच्या मगांसाठी मी आकार ठरवताना हे बघते.

आता काचेचे ग्लास. पद्धत हीच, पण दोन ठिकाणी वेगळी. ग्लासाला कान नाही, त्यामुळे कमकुवत जागा म्हणजे काठ. आणि काचेची ताकद तिच्या पृष्ठभागावर अवलंबून असते. डोळ्याला न दिसणारा ओरखडासुद्धा पुढे तडा सुरू व्हायची जागा ठरतो. म्हणून काच काचेला कधीच लागता कामा नये, पॅकिंगच्या टेबलावरसुद्धा. एकात एक ग्लास बसवून पाठवणं तर पूर्ण टाळा, मध्ये कागद घातला तरी. हलताना आतला ग्लास पाचरीसारखा खाली बसतो आणि बाहेरच्याला आतून फाकवतो. त्याच कारणाने ग्लासात कागद ठासून भरायचा नाही. पातळ भिंतीला आतून बाहेर पडणारा दाब सोसत नाही. सैल गोळी, एवढंच. काठावर कागदाची तीन-चार पदरी पट्टी वेगळी गुंडाळा, ती काठाच्या वर बोटभर यायला हवी, आणि मग बबल रॅप. पातळ देठाचा ग्लास असेल तर देठाभोवती कागद गुंडाळत जा, इतका की देठ, पेला आणि तळ मिळून एक सरळ नळकांडं दिसेल.

मग आणि ग्लास एकाच खोक्यात पाठवायचे असतील तर कप्पे वेगळे ठेवाच. मगाच्या बुडाची न ग्लेझ केलेली कड चांगलीच खरखरीत असते आणि कागदाचा एखादा पातळ पदर घासून तिला काचेपर्यंत पोचायला वेळ लागत नाही. ती कड पाठवण्याआधी बारीक पाण्याच्या पॉलिश पेपरने ओली करून घासून घेतली तर ग्राहकाचं टेबलही वाचतं.

प्रत्येक पार्सलमध्ये एक छोटी चिठ्ठी घाला: काही तुटलेलं निघालं तर वस्तू बाहेर काढण्याआधी बाहेरच्या खोक्याचे सहाही बाजूंचे, उघडलेल्या खोक्याचा वरून आणि तुटलेल्या जागेचा जवळून फोटो काढा, आणि खोका आठवडाभर टाकू नका. कुरियरकडे भरपाई मागायला हे लागतं, आणि गादी कुठे कमी पडली हेही त्यातूनच कळतं.